गिरवून काढलेलं नाव

केकवर नाव लिहायला शिकणाऱ्यानं कागदावरची अक्षरं गिरवू नयेत, असं माझं अनेक वर्षं पक्कं मत होतं. रोहिणखेडमध्ये माझ्याकडे केक शिकायला येणाऱ्या मुलींना आणि बायकांना मी तेच सांगत असे: कोन हातात घ्या आणि सरळ केकवर लिहा, हात आपोआप बसेल. आता मी पहिल्या दिवशी त्यांच्या हातात क्रीमचा कोन देतच नाही. पेन्सिल, पट्टी आणि मोठ्या अक्षरात नाव लिहिलेला कागद देते. हे मत कसं बदललं आणि त्यातलं काय अजून बदललेलं नाही, ते दोन्ही इथं मांडते आहे.

माझ्या जुन्या मताला कारणं होती. पहिलं म्हणजे, आमच्याकडे बहुतेक केक व्हिप क्रीमचे असतात. बटरक्रीमवर थोड्या वेळानं पातळ पापुद्रा धरतो, व्हिप क्रीमवर धरत नाही. त्यावर कागद टेकवला की क्रीम कागदाला चिकटून वर येतं. मग जो कागद केकवर ठेवताच येत नाही, त्यावर गिरवण्याचा सराव कशाला, असं मला वाटे. दुसरं कारण जास्त मनातलं होतं. ज्याचं वहीतलं अक्षर चांगलं, त्याचं केकवरचं अक्षरही चांगलं येणार, असा माझा विश्वास होता. शाळेत सुलेखनात पुढे असलेल्या मुली माझ्याकडे आल्या की मी त्यांच्याकडून मोठी अपेक्षा ठेवायचे. अक्षर ही हाताची देणगी आहे आणि गिरवणं म्हणजे ती देणगी उसनी आणणं, अशी माझी समजूत होती.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो त्याच सुंदर अक्षराच्या मुलींनी. वहीत मोत्यासारखं लिहिणाऱ्यांची केकवर मात्र पहिलं अक्षर मोठं, शेवटचं काठाला चेंगरलेलं आणि मधली रेघ नागमोडी, अशी गत व्हायची. दुसरीकडे आमच्या आळीतली एक सूनबाई शिकायला येत असे. तिचं शिक्षण लवकर सुटलेलं, अक्षर अडखळत यायचं. एक दिवस तिनं विचारलं, "काकू, खाली कागद ठेवला त चालते का? मले अक्षर आठवत नाही, पण रेघ दिसली की हात जाते." तिनं लेकाच्या शाळेच्या फाइलमधलं पारदर्शक प्लास्टिक आणलं होतं. त्याखाली नाव लिहिलेला कागद सरकवला आणि वर चॉकलेटच्या कोनानं रेघ ओढली. हात हळू, पण रेघ एकसारखी जाडीची. त्या दिवशी वर्गात सगळ्यात नीट नाव तिचं आलं.

त्यानंतर मी तिचा हात आणि बाकीच्यांचे हात शेजारी शेजारी बघू लागले. केकवर लिहिताना एकाच वेळी दोन वेगळी कामं चालू असतात, हे मला तेव्हा दिसलं. एक काम डोळ्यांचं: अक्षराचा आकार कसा, ते कुठं सुरू करायचं, पुढच्याला किती जागा ठेवायची. दुसरं काम मुठीचं: कोन किती दाबायचा आणि किती वेगानं पुढे न्यायचा. पेनानं लिहिताना दुसरं काम नसतंच, कारण शाई आपल्या मापानं येते. शिवाय पेन कागदावर टेकलेलं असतं, तर कोनाचं टोक क्रीमच्या वर ३ ते ५ मिलिमीटर अधांतरी असतं आणि धागा खाली पडत जातो. म्हणून वहीतलं वळण इथं जसंच्या तसं उतरत नाही. नवशिक्याच्या डोक्यावर दोन्ही कामं एकदम टाकली की दोन्ही बिघडतात. गिरवताना डोळ्यांचं काम कागद करतो आणि मन फक्त मुठीकडे राहतं. त्या सूनबाईला हे मी शिकवलं नव्हतं, पण सरावाचा योग्य क्रम तिनं स्वतःच गाठला होता.

मुठीचं काम शिकायला एक सरळ रेघ पुरते. बटर पेपरचा त्रिकोण गुंडाळून कोन करायचा, तो अर्धाच भरायचा, आणि टोक दीड ते दोन मिलिमीटर इतकंच कापायचं. सरावाला न्यूट्रल जेल चांगलं. ते सहज वाहतं आणि प्लास्टिकवरून खरवडून पुन्हा कोनात भरता येतं. कोन साधारण ४५ अंशात तिरका धरायचा. सुरुवातीला टोक हलकेच टेकवायचं, दाब द्यायचा, धागा चिकटला की टोक वर उचलून पुढे न्यायचं आणि रेघ संपण्याच्या थोडं आधी दाब सोडून पुन्हा टेकवायचं. मग रेघच सांगते काय चुकतंय. धागा वेटोळं घेत पडत असेल तर दाब जास्त आहे किंवा हात संथ आहे. मधेच तुटत असेल तर हात दाबाच्या पुढे पळतोय. रेघ चपटी होऊन मधे चर पडत असेल तर टोक फार खाली आहे. प्रत्येक रेघेच्या शेवटी गोळा किंवा शेपूट राहत असेल तर उचलण्याआधी दाब सोडलेला नाही. आकाराची काळजी नसते तेव्हा शिकणारीला हे सगळं स्वतःचं स्वतः दिसतं. थेट केकवर लिहिणारीला फक्त एवढंच दिसतं की नाव वाईट आलं.

आमच्या रोहिणखेडमध्ये १५८२ सालची खुदावंतखानाची मशीद आहे आणि तिथं दगडात अक्षरं कोरलेली आहेत. दगडावर अक्षर कोरायचं तर ते आधी आखून घ्यावं लागतं, कारण छिन्नीचा घाव परत घेता येत नाही. क्रीमवरची रेघही तशीच. चुकलेलं अक्षर पॅलेट नाइफनं खरवडून काढता येतं, पण पांढऱ्या क्रीमवर रंगाचा डाग आणि खरवडल्याची खूण राहते. जिथं खोडरबर चालत नाही तिथं आधी आखणं हा कामाचाच भाग असतो. हे पटल्यावर गिरवणं म्हणजे उसनवारी, हा माझा आक्षेप संपला.

मग पुढचा प्रश्न आला: गिरवायचं कोणतं अक्षर? पूर्वी मी सुलेखनाच्या पुस्तकातली वळणदार अक्षरं नमुना म्हणून दाखवत असे. आता दाखवत नाही. ती अक्षरं बोरूची. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून एका दिशेला रेघ जाड येते आणि दुसरीकडे बारीक. कोनाचं भोक गोल असतं, त्यातून कुठल्याही दिशेला एकाच जाडीची रेघ पडते. बोरूच्या अक्षराची नक्कल करायला गेलं की नवशिकी जाड भागात दोनदा रेघ ओढते आणि अक्षर बरबटतं. म्हणून नमुना एकाच जाडीच्या रेघेचा हवा. कॉम्प्युटरवरून छापून घ्यायचं असेल तर मी Mukta हा फॉन्ट सांगते. तो मोफत मिळतो आणि त्याच्या सगळ्यात बारीक वजनाचं, म्हणजे ExtraLight चं, अक्षर जवळजवळ नुसत्या सांगाड्यासारखं दिसतं. त्यावर दोन मिलिमीटरचा धागा बरोबर बसतो. छपाई नसेल तर पेन्सिलीनं साधं, उभ्या कान्याचं अक्षर काढायचं. वेलांटीला फुलोरा नको, अक्षराच्या शेवटी शेपटी नको.

देवनागरीत सोपी आणि अवघड अक्षरं सरळ ओळखता येतात. ग, न, म, र, व, प, स यांना रेघा थोड्या आणि आत मोकळी जागा असते. झ, ढ, ळ, क्ष, ज्ञ, श्र यांच्यात गाठी आणि वळणं दाटीनं येतात. माझा नियम असा की अक्षराच्या आतली पोकळी धाग्याच्या जाडीच्या निदान दुप्पट उरली पाहिजे. दोन मिलिमीटरचा धागा असेल तर चार मिलिमीटर. त्याहून कमी राहिली तर जेल पसरून गाठ भरते आणि ढ चा नुसता ठिपका होतो.

शिरोरेषेबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. नवशिकी हौसेनं आधी एक लांबलचक शिरोरेषा ओढते आणि मग तिला अक्षरं लटकवते. त्यानं ओळ सरळ येते हे खरं, पण भ चा म होतो आणि ध चा घ होतो, कारण या दोन अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते. थ चंही तसंच, त्याचा य वाचला जातो. प्रभा नावाचं प्रमा झालं तर घरच्यांना ते लगेच दिसतं. म्हणून आता क्रम असा: शिरोरेषेची फक्त खूण आधी करायची, अक्षरं त्या खुणेपासून खाली काढायची आणि खरी शिरोरेषा शेवटी, जिथं तुटायला हवी तिथं थांबत, तुकड्यांत ओढायची. शेवटी ओढल्याचा आणखी एक फायदा आहे. प्रत्येक उभ्या रेघेच्या सुरुवातीला जो बारीक गोळा राहतो, तो शिरोरेषेखाली झाकला जातो. वरच्या मात्रा त्यानंतर.

आता एक नाव पूर्ण करून दाखवते. उदाहरणाला 'सुमेधा' घेते, कारण त्यात खाली उकार आहे, वर मात्रा आहे आणि तुटक शिरोरेषेचा ध आहे. अर्ध्या किलोचा गोल केक साधारण ६ इंची, म्हणजे १५ सेंटिमीटरचा असतो. कडेच्या नक्षीला दोन्ही बाजूंनी २-२ सेंटिमीटर सोडले की मधोमध ११ सेंटिमीटर उरतात. ही रुंदी फक्त मध्यावरच मिळते. मध्यापासून साडेतीन सेंटिमीटर वर गेलं की तीच जागा साडेआठवर येते. म्हणून नाव मध्यावर आणि एकाच ओळीत.

जागा मोजायला मी अक्षरांना वाटे देते. साध्या पूर्ण अक्षराला दोन वाटे, कान्याला एक, ऱ्हस्व किंवा दीर्घ वेलांटीच्या उभ्या रेघेलाही एक. वरच्या मात्रेला आणि खालच्या उकाराला आडवी जागा लागत नाही. 'सुमेधा'चे वाटे होतात स चे दोन, म चे दोन, ध चे दोन आणि कान्याचा एक, असे सात. एक वाटा १.२ सेंटिमीटरचा धरला तर नाव ८.४ सेंटिमीटर होतं आणि दोन्ही बाजूंना १.३ सेंटिमीटर मोकळे राहतात. सातचा मध्य साडेतीन, म्हणजे केकचा मध्य म च्या उत्तरार्धात, त्याच्या उभ्या रेघेच्या किंचित डावीकडे येतो. हे आधी कळलं की शेवटचा काना काठावर चढत नाही. उंचीसाठी अक्षराचं अंग २ सेंटिमीटर, वर मात्रेला १ आणि खाली उकाराला पाऊण धरते. मग शिरोरेषा केकच्या मध्यापासून १ सेंटिमीटर वर येते.

हे वाटे कागदावर आखून त्यात अक्षरं काढली की नमुना तयार होतो. तरीही छापील मापावर डोळे झाकून विसंबायचं नाही. अक्षरांमधलं अंतर पट्टीनं सारखं केलं तरी डोळ्याला सारखं दिसतंच असं नाही. मे आणि ध यांच्यामध्ये ध ची गोलाई असल्यानं तिथं मोकळी जागा जास्त वाटते, तर ध आणि काना या दोन उभ्या रेघा शेजारी आल्यानं तिथं दाटी वाटते. म्हणून ध किंचित डावीकडे घ्यायचा आणि काना किंचित उजवीकडे. कागद हातभर लांब धरून डोळे बारीक करून बघितलं की कुठं काळं दाटलंय ते कळतं. ही दुरुस्ती कागदावर फुकट होते.

नमुना तयार झाल्यावर तो केकवर कसा न्यायचा? इथं माझा जुना आक्षेप खरा आहे. व्हिप क्रीमवर कागद ठेवता येत नाही. पण त्यावर दोन वाटा आहेत. पहिली वाट त्या सूनबाईची. नमुन्यावर पारदर्शक शीट ठेवून वितळलेल्या डार्क कंपाउंड चॉकलेटनं नाव थेट गिरवायचं. रेघ इथं थोडी जाड, साधारण ३ मिलिमीटरची हवी, नाहीतर उचलताना तुटते. जिथं दोन रेघा भेटतात तिथं त्या एकमेकींवर चढल्या पाहिजेत. शीट फ्रीजमध्ये दहाएक मिनिटं ठेवायची. शीट हलकेच वाकवल्यावर चॉकलेट आपण होऊन सुटू लागलं की जमलं. बोटानं धरायचं नाही, बोटाच्या उबेनं ते वितळतं. पॅलेट नाइफ खाली सरकवून उचलायचं आणि क्रीमवर ठेवायचं. रोमन लिपीतलं एक एक अक्षर सुटं उचलावं लागतं, तर आपल्या नावाला शिरोरेषेचा कणा असतो आणि 'सीमा'सारखं नाव सबंध उचलता येतं. 'सुमेधा' मात्र दोन तुकड्यांत येतं, 'सुमे' आणि 'धा', कारण ध वर शिरोरेषा तुटते. ते ठेवताना मधली फट नमुन्यात होती तितकीच ठेवायची. अनुस्वाराचा ठिपका सुटाच काढायचा आणि शेवटी ठेवायचा.

दुसरी वाट थेट केकवर लिहिण्याची. केक फ्रीजमध्ये चांगला गार करायचा, म्हणजे क्रीमचा वरचा थर घट्ट होतो. स्वच्छ दोरा दोन्ही हातांत ताणून शिरोरेषेच्या जागी अलगद टेकवून उचलायचा. क्रीमवर केसाएवढी सरळ खूण उमटते. मग नमुन्यातले वाटे कागदाच्या पट्टीवर उतरवून ती पट्टी केकच्या वर, क्रीमला न लावता धरायची आणि प्रत्येक वाट्याच्या सीमेवर टूथपिकनं टोचा द्यायचा. या टोच्यांच्या मध्ये अक्षरं बसवायची. आकार हातानं काढायचा असतो, पण जागा ठरलेली असते. शीटवर गिरवून ज्याचा हात तयार झालाय, त्यालाच मी ही दुसरी वाट देते.

शहरातल्या काही जणी नाव उलटं गिरवून, जेल लागलेला बटर पेपर केकवर पालथा दाबतात. ते घट्ट धरलेल्या बटरक्रीमवर जमतं. आमच्या व्हिप क्रीमवर मी ते सांगत नाही, कारण गार केलेलं क्रीमसुद्धा कागदाबरोबर उचकटतं. आणि पहिल्या वाटेनं चॉकलेटचं नाव सरळच ठेवायचं असल्यानं उलटं गिरवायची गरजच पडत नाही.

गिरवण्यानं सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडच्या उन्हात चॉकलेटची बारीक अक्षरं फ्रीजबाहेर लगेच मऊ पडतात आणि वीज गेली तर फ्रीजमध्येही भरवसा नाही. त्या दिवसांत जेलनं थेट लिहिणंच बरं, तेही केक न्यायला माणूस दारात आल्यावर, कारण गडद रंग पांढऱ्या क्रीममध्ये हळूहळू फुटत जातो. नमुन्याला आणखी एक मर्यादा आहे. तो वाईट मजकूर चांगला करू शकत नाही. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' अर्ध्या किलोच्या केकवर लिहून द्या म्हणणारे खूप भेटतात. नुसत्या 'वाढदिवसाच्या' या शब्दाचे माझ्या हिशेबानं सतरा वाटे होतात. ११ सेंटिमीटरमध्ये एका वाट्याला साडेसहा मिलिमीटरही येत नाहीत. त्यात ढ ची गाठ आणि च्या चं जोडाक्षर दोन मिलिमीटरच्या धाग्यानं उघडं राहणं शक्य नाही, मग नमुना कितीही सुबक असो. अशा वेळी मी फक्त नाव लिहिते, किंवा गिऱ्हाइकाला मोठा केक सुचवते.

माझ्या जुन्या मतातली एक गोष्ट मी सोडलेली नाही. नमुना कायमचा नसावा. एखादी मुलगी 'सुमेधा' गिरवून उत्तम काढते आणि 'रोहिणी' सांगितल्यावर अडते, तर ती अक्षरं शिकलेली नाही, एक चित्र शिकली आहे. म्हणून रेघ एकसारखी पडू लागली की मी गिरवण्याचा कागद काढून घेते आणि वाट्यांची पट्टी व दोऱ्याची खूण एवढंच ठेवते. पूर्वी मी पहिल्या दिवशी जे मागत होते ते आता शेवटी मागते, आणि तेव्हा ते बहुतेकींना जमतं. वहीत ज्यांचं अक्षर कधीच कुणी वाखाणलं नाही, त्यांनाही जमतं. अक्षर ही देणगी असते असं मी आता म्हणत नाही. केकवर तरी ते आखणीनं आणि मुठीच्या सरावानं येतं, आणि ही दोन्ही कामं एकामागून एक शिकवणं ही शिकवणाऱ्याची जबाबदारी आहे.